दोनशे पन्नास टनांच्या पुढे

आमच्या जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा दशांश चिन्ह बरोबर वाचते. हे शिक्षण तिला दुधाने दिलं. संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली तर पूर्ण दर, पॉइंट घसरला की दर घसरला. त्यामुळे "जरा कमी पडलं" याचं पैशात काय होतं, हे नगरकडच्या गोठ्यात वेगळं समजवावं लागत नाही. गंमत अशी, की याच म्हातारीला पेंड विकणारा दुकानदार, जो रोज तिच्या फॅटची चौकशी करतो, तो स्वतः वर्षभर एका फॅटमशीनवर उभा असतो आणि त्याला ते मार्च संपेपर्यंत कळत नाही. त्या मशीनला कंपनीच्या कागदात 'वार्षिक प्रोत्साहन योजना' म्हणतात. दुकानात तिला 'रिबेट' म्हणतात.

मी संगमनेर तालुक्यात चार-पाच दुकानांचे जमाखर्च लिहितो. त्यांत एक पशुखाद्याचं. मालकांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणतो. शेठ स्वभावाने उदार, बोलायला गोड, आणि आकड्यांच्या बाबतीत कवी. त्यांच्या दुकानातल्या भिंतीवर दिनदर्शिका असते आणि कंपनीचा ट्रक आला की त्या तारखेच्या चौकटीत ते पोत्यांचा आकडा लिहितात. शेजारच्या चौकटीत दूधवाला, खालच्यात नातवाचं लसीकरण. वर्ष संपलं की बारा पानांची बेरीज. २०२४-२५ची ही बेरीज आली ५,१८०. पन्नास किलोंचं पोतं, म्हणजे २५९ टन. शेठ त्या दिवशी इतके खूश होते, की मला चहाबरोबर खारी मिळाली.

खुशीचं कारण कंपनीच्या पत्रात होतं. योजनेचं पत्र एप्रिलमध्ये येतं, एका पानाचं. त्यात टप्पे होते तीन. वर्षाची खरेदी १२० ते १८० टन असेल तर दर पन्नास किलोंमागे ८ रुपये, १८० ते २५० टन असेल तर १२ रुपये, आणि '२५० टनांच्या पुढे' १८ रुपये. शिवाय गाठलेल्या टप्प्याचा दर पहिल्या पोत्यापासून सगळ्यांना लागू. सगळं मर्म याच वाक्यात आहे. काही योजनांत वरचा दर फक्त टप्प्याच्या वरच्या मालाला मिळतो. तिथे टप्पा हुकला तर चार पैसे हुकतात. इथे मात्र २५० टनांच्या अलीकडचं पोतं आणि पलीकडचं पोतं यांत तीस हजार रुपयांचं अंतर होतं. पाच हजार पोत्यांना बारा रुपयांनी साठ हजार, अठरा रुपयांनी नव्वद. एका पोत्याला एवढा मान आमच्या तालुक्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

शेठनी ५,१८० गुणिले १८ केलं. ९३,२४० रुपये.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचं स्टेटमेंट आलं. खरेदी २३४.५ टन, म्हणजे ४,६९० पोती. दर १२. रक्कम ५६,२८०.

शेठनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग एरियाच्या साहेबांना फोन लावला. हे साहेब दुकानात येतात तेव्हा शेठना 'काका' म्हणतात, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर 'आमचे काका' म्हणतात. एप्रिलमध्ये ते फक्त 'शेठ' म्हणाले. त्यावरून मी ओळखलं, की प्रकरण कागदावर जाणार.

रिबेट मागायची म्हणजे भांडायचं, असा आपल्याकडे समज आहे. शेठनीही सुरुवात तशीच केली: "एवढा माल घेतला, दुसऱ्या कुणाचं पोतं दुकानात ठेवलं नाही, आणि हे फळ?" साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, सिस्टीमला जे दिसतं ते." हा संवाद कितीही वेळ चालू शकतो, कारण दोघेही खरं बोलत असतात. शेठ पोती मोजत होते आणि सिस्टीम बिलं मोजत होती. मी शेठना म्हटलं, दिनदर्शिका राहू द्या, कंपनीकडून बिलवार उतारा मागवा: बिल नंबर, बिलाची तारीख, मालाचं नाव, वजन आणि कुठल्या पार्टी कोडवर. हा उतारा मागायचा आपला हक्क असतो आणि तो मागितला की पलीकडचा आवाजही जरा खाली येतो. मग आपल्याकडची बिलं एकेक करून त्याच्यासमोर लावायची. जुळलं ते खोडायचं. शेवटी न जुळलेली जी मूठभर बिलं उरतात, तेच प्रकरण. बाकीचा सगळा आवाज.

आधी शेठचीच हजेरी घ्यावी लागली. पावसाळ्यात कंपनीची 'पंचवीसवर एक' योजना होती, त्यात साठ पोती फुकट आली होती. शेठनी ती मोठ्या प्रेमाने मोजली होती. पत्रात लिहिलं होतं, 'किंमत आकारलेल्या मालावर'. फुकटच्या पोत्यावर पुन्हा रिबेट मागणं म्हणजे आहेराच्या पाकिटावर व्याज मागण्यासारखं आहे, असं मी म्हणालो, तर शेठ म्हणाले, "मागून बघायला काय जातं?" व्यापाराचा पाया या वाक्यावर उभा आहे हे मला मान्य आहे, पण दाव्यात एक पोकळ आकडा निघाला की पलीकडचा माणूस बाकीचे खरे आकडेही संशयाने बघतो. साठ पोती गेली.

मग वासरांची पेंड. तिची पोती पंचवीस किलोंची. शेठच्या चौकटीत पोतं ते पोतं. अशी १२० आली होती. टनाच्या हिशेबात ती साठच. शेठना हे फार लागलं. "उतरवताना हमालाने एकशेवीसची हमाली घेतली ना?" घेतली होती. पण रिबेट हमाल देत नव्हता.

तारखांचं प्रकरण जरा मजेदार. शेठ माल उतरला त्या दिवशी आकडा लिहितात, कंपनी बिलाची तारीख धरते. ३० मार्च २०२४ला बिल झालेली १६० पोती दुकानात उतरली १ एप्रिलला. शेठच्या लेखी ती नव्या वर्षातली, कंपनीच्या लेखी जुन्या. कंपनीचं बरोबर. उलट टोकाला, २०२५ साली गुढीपाडवा आला ३० मार्चला, रविवारी, आणि ईद ३१ला, सोमवारी. कंपनीच्या बिलिंगवाल्यांना ना पाडवा ना ईद. वर्षअखेरचं बिल ३१ तारखेला निघालंच. पण ड्रायव्हर माणूस आहे. ट्रक २ एप्रिलला आला आणि शेठनी १४० पोती पुढच्या वर्षाच्या कोऱ्या दिनदर्शिकेत पहिल्याच पानावर टाकली. ती मी उचलून मागे आणली. एवढं झाल्यावर आकडा ठरला: ५,१८०मधून साठ, साठ आणि १६० वजा, १४० अधिक. ५,०४० पोती, २५२ टन. टप्पा दोन टनांनी पार. शेठचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा खारीच्या डब्याकडे गेला.

आता कंपनीची हजेरी. आपले ५,०४०, त्यांचे ४,६९०. साडेतीनशे पोती कुठे गेली?

त्यांतली ३१० एका ऐतिहासिक घटनेत सापडली. ऑक्टोबर २०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. चौंडीला जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला मिळालं, पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. कंपनीच्या डेपोतल्या कुणा उत्साही कारकुनाने शेठचाही पत्ता बदलायला घेतला. जुन्या खात्यात जिल्हा बदलता येईना, म्हणून त्याने नवीनच खातं उघडलं. नाव तेच, गाव तेच, दुकान तेच, जिल्हा अहिल्यानगर, पार्टी कोड नवा. काही आठवडे बिलं त्या कोडवर निघाली. मग उधारीची मर्यादा दिसेना म्हणून माल अडला, शेठ ओरडले, आणि सगळं गुपचूप जुन्या कोडवर परत आलं. नव्या कोडवर ३१० पोती तशीच राहून गेली.

म्हणजे कंपनीच्या लेखी शेठ दोन झाले होते. अहमदनगरचे शेठ २३४.५ टनांवर मधल्या टप्प्यात अडकले होते आणि अहिल्यानगरच्या शेठनी वर्षात अवघा साडेपंधरा टन माल घेतला होता, त्यांना तर कुठलाच टप्पा नव्हता. शेठ म्हणाले, "त्या दुसऱ्याला सांगा, एवढासा धंदा करून दुकान कशाला चालवतोस!"

हा घोटाळा हास्यास्पद वाटला तरी दुर्मीळ नाही. भागीदारी मोडून मुलाच्या नावावर दुकान झालं, जीएसटी नंबर बदलला, एक डेपो बंद होऊन दुसऱ्यातून माल यायला लागला, की नवा कोड निघतोच आणि बेरीज दोन तुकड्यांत पडते. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक बिलावर आपल्या नावाच्या आसपास ग्राहक क्रमांक छापलेला असतो. तो मध्येच बदललेला दिसला, तर त्याच दिवशी एका ओळीचा मेल टाकायचा: दोन्ही कोडांची खरेदी योजनेसाठी एकत्र धरावी. तेव्हा हे पाच मिनिटांचं काम असतं. एप्रिलमध्ये तेच काम 'वर पाठवावं' लागतं. आम्ही बिलांच्या प्रती, दोन्ही कोड आणि एकच जीएसटी नंबर लावून पत्र दिलं. साहेबांनी ते वर पाठवलं, आणि आश्चर्य म्हणजे वरून मान्य होऊन खालीही आलं.

झाले ५,०००. चार हजार सहाशे नव्वद आणि तीनशे दहा. कागदावर बरोब्बर २५० टन.

आता पत्र पुन्हा वाचा. '१८० ते २५०' बारा रुपये, '२५० टनांच्या पुढे' अठरा. बरोबर २५० टनवाला कुठे बसतो? साहेब म्हणाले, "२५० पर्यंत आहे ना शेठ, म्हणजे बारा." एवढी भरगच्च बेरीज करून गडी उंबऱ्यावर उभा, पाय आत नाही. ज्याने हे पत्र लिहिलं तो अधिकारी बदलून विदर्भात गेला होता. तो असता तरी उपयोग नव्हता म्हणा. असं कुणाचं तंतोतंत २५० येईल हे त्याच्याही डोक्यात आलं नसणार.

सगळी मदार आली राहिलेल्या चाळीस पोत्यांवर. ती पावसाळ्यात बुरशी लागलेली निघाली होती. पोतं उघडल्यावर आंबूस वास, गोळ्यांचे गठ्ठे, वर पांढरी लव. असा माल गायीला घातला तर दूध आधी जातं आणि गिऱ्हाईक नंतर. शेठनी चाळीसही पोती परत केली, कंपनीनेही खळखळ न करता चाळीस नवी पाठवली. व्यवहार चोख. पण सिस्टीममध्ये त्याच्या दोन नोंदी झाल्या. परत गेलेली चाळीस 'विक्री परत' म्हणून खरेदीतून वजा झाली. बदली आलेली चाळीस शून्य किमतीच्या चलनावर आली, आणि शून्य किमतीचा माल योजनेत धरत नाहीत. म्हणजे माल जाताना मोजला, येताना नाही.

साहेबांचा मुद्दा साधा होता: पत्रात 'परत आलेला माल वजा' असं लिहिलंय. आणि फुकटची साठ पोती आपण स्वतःच सोडलीत ना, मग ही शून्याची चाळीस कशी मागता? प्रश्न बिनतोड होता. शेठ माझ्याकडे बघायला लागले. उत्तर पोत्यांत नव्हतं, पैशात होतं. फुकटच्या साठांचे पैसे शेठनी दिलेच नव्हते. या चाळिसांचे मूळ बिलावर दिले होते आणि ते कंपनीने परत केले नव्हते. माल परत घेतल्याची क्रेडिट नोट निघालीच नव्हती. विक्री परत झाली असती तर पैसेही परत झाले असते. पैसे ठेवून घेतले याचा अर्थ विक्री कायम आहे, फक्त पोती बदलली. आम्ही मूळ बिल, बॅच नंबर दिसेल असा बुरशीचा फोटो, परतीची पावती आणि 'बदली माल' लिहिलेलं चलन, असे चार कागद एकावर एक लावले. फोटो धाकट्या शेठच्या मोबाइलमध्ये होता, मागे मित्राच्या लग्नातली वरात दिसत होती. चाललं.

या सगळ्याच्या मधेच साहेबांनी एक गोड प्रस्ताव आणला. रक्कम कशाला, दोघांची परदेशवारी घ्या, विमान, हॉटेल, सगळं आलं. काकूंनी तत्काळ होकार दिला. मला नाइलाजाने सांगावं लागलं, की १ जुलै २०२२ पासून व्यवसायातून मिळालेली सहल, सोनं, टीव्ही असले लाभ वर्षाला वीस हजारांपुढे गेले की त्यांवर दहा टक्के करकपात येते आणि ती रक्कम उत्पन्नात धरावी लागते. सरळ सूट किंवा रिबेट यावर ही कपात नाही. काकू माझ्याशी त्यानंतर जेवढ्यास तेवढंच बोलतात. जीएसटीचा प्रश्न आमच्याकडे आला नाही, कारण गुराढोरांच्या खाद्यावर तो नाहीच. समोरच्या सिमेंटवाल्याला मात्र दरवर्षी क्रेडिट नोट उलटून-पालटून बघावी लागते. तिच्यात कर दाखवला असेल तर तेवढं क्रेडिट त्याला परत फिरवावं लागतं, नसेल तर नाही.

आणखी एक कागद आम्ही थोडक्यात वाचवला. एप्रिलमध्ये कंपनी बाकीची खात्री करून घेणारं पत्र पाठवते: ३१ मार्चला तुमच्या खात्यावर अमुक बाकी, मान्य असेल तर सही करा. शेठ कुरियरच्या पावतीवर करावी तशी सही करायला निघाले होते. तशी कोरी सही गेली की पुढे कुणीही म्हणू शकतं, तुम्हाला काही येणं होतं तर तेव्हा का बोलला नाहीत? सहीच्या वर मी एक ओळ लिहिली, '२०२४-२५ची योजनेची रक्कम येणे वगळून'. आणि आमच्या वहीतही ३१ मार्चलाच 'येणे रिबेट' टाकला, कारण तो त्या वर्षाच्या मालाचा होता, क्रेडिट नोट पावसात आली तरी.

आता एक गोष्ट शेठच्या मागे सांगतो. एवढा आटापिटा ज्या पैशासाठी चालला होता, तो पैसा दुकानात उरलेलाच नव्हता. जुलैत समोरच्या दुकानाने पोत्यामागे दहा रुपये उतरवले. शेठनीही उतरवले. "आपल्याला वर्षाला अठरा सुटणारच आहेत," हा त्यामागचा हिशेब. म्हणजे रिबेट ठरायच्या नऊ महिने आधी तो पंचक्रोशीतल्या गायींच्या गव्हाणीत गेला होता. अठरा मिळाले तर आठ राहणार, बारा मिळाले तर दोन, आणि त्या दोनांत दुकानाचं भाडं. शेठ एवढे का चिडले होते ते मला तेव्हा कळलं. समोरचाही बहुधा त्याच अठरा रुपयांच्या भरवशावर दहा उतरवत असणार. दोघे मिळून न आलेला पैसा वाटत होते, आणि दुधाचा दहा दिवसांचा पगार हातात घेऊन आलेला शेतकरी दोन्ही दुकानांत भाव विचारून अकरावा रुपया मागत होता.

मार्चअखेर टप्पा गाठायला माल कोंबावा का, हा प्रश्न मला इतर दुकानदार विचारतात. दोन टन कमी पडत असतील तर जरूर घ्यावा. दिवसाला बारा-चौदा पोती खपतात, आठवड्यात माल संपतो. वीस-तीस टन कमी असतील तर घेऊ नये. ती चारशे ते सहाशे पोती पुढे महिना-दीड महिना गोदामात बसतात, भांडवल अडकतं, आणि एप्रिलची खरेदी कोरडी गेल्याने नव्या वर्षाचा टप्पा पहिल्या दिवसापासून दूर पळतो. शेठ हे ऐकतात, मान डोलावतात आणि ३१ मार्चला ट्रक मागवतात.

क्रेडिट नोट जुलैत आली. मी फोडली. दर अठरा. म्हणजे बुरशीची चाळीस पोती मान्य झाली, २५० टन पार झाले. रक्कम ९०,००० रुपये. शेठनी पेढे मागवले आणि पेढे येईपर्यंत सहज मोबाइलवर ५,०४० गुणिले १८ केलं.

"नव्वद हजार सातशे वीस."

कंपनीच्या कुणा हुशार माणसाने त्या चाळीस पोत्यांना टप्पा ओलांडण्यापुरतं जिवंत धरलं होतं आणि पैसे वाटताना पुन्हा मेलेलं. सातशे वीस रुपये कमी. मी शेठना हात जोडले. म्हटलं, हे पत्र लिहाल तर वर कुणीतरी फाइल उघडेल, चाळीस पोती धरायची की नाही हे एकदाचं ठरवायला बसेल, आणि नाही ठरलं तर तीस हजार परत जातील. सातशे विसांसाठी झाकलेली मूठ उघडू नका.

शेठनी पेढा अर्धा खाल्ला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. मग धाकट्या शेठला हाक मारली, "अरे, तो बुरशीचा फोटो आहे ना अजून? वरातीतला?"